सरासरीचे ताट

(वसतिगृहाच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी वसतिगृहप्रमुखांस लिहिलेले पत्र. त्यांच्याच अनुमतीने ते या वार्षिकांकात देत आहोत.)

बेळगाव, ऑक्टोबर २०२४

आदरणीय वसतिगृहप्रमुख यांस,
सा. न. वि. वि.

सप्टेंबर महिन्याचा भोजनखर्चाचा तक्ता आपण वसतिगृहाच्या फलकावर लावला आहे. एकूण खर्च ८७,२०० रुपये, विद्यार्थी ४० आणि म्हणून दरडोई सरासरी २,१८० रुपये, असा तो हिशेब आहे. ‘ऑगस्टमध्ये ही सरासरी २,४२० रुपये होती, तेव्हा या महिन्यात दर विद्यार्थ्यामागे २४० रुपयांची बचत झाली,’ असा शेराही त्याखाली आहे. बेरीज व भागाकार आम्ही ताडून पाहिले. दोन्ही बिनचूक आहेत. तरीही या आकड्याविषयी आमचे आपल्याशी मतभेद आहेत आणि ते आपल्यापुढे आदरपूर्वक मांडावेत, यासाठी हे पत्र लिहीत आहोत. आमची तक्रार भागाकाराविषयी नसून भाजकाविषयी आहे. चाळीस हा पटावरील विद्यार्थ्यांचा आकडा होय. जेवलेल्या ताटांचा तो आकडा नव्हे.

गेला महिना भाद्रपदाचा होता. ७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी आली. शाळेची सुटी आणि तिला जोडून आपण मंजूर केलेली रजा घेऊन खानापूर व चंदगड या तालुक्यांतील बहुतेक मुले गावी गेली. ज्यांच्या घरी अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असतो, अशी १२ मुले ५ तारखेच्या सायंकाळी निघाली आणि १८ च्या सकाळी परतली. म्हणजे ती पूर्ण १२ दिवस येथे नव्हती. गौरी-गणपतीचे विसर्जन करून परतलेली १६ मुले ७ ते १२ असे ६ दिवस नव्हती. उरलेली आम्ही १२ मुले दहावीच्या वर्गातील. अभ्यासासाठी आम्ही येथेच राहिलो आणि महिन्याचे तीसही दिवस येथेच जेवलो.

आता एका विद्यार्थ्याने एका दिवशी घेतलेल्या दोन्ही वेळच्या जेवणास आपण ‘एक भोजनदिन’ म्हणू. चाळीस मुले तीस दिवस जेवली असती, तर १,२०० भोजनदिन झाले असते. त्यातून पहिल्या गटाचे १४४ आणि दुसऱ्या गटाचे ९६ असे २४० गैरहजेरीचे दिवस वजा जाता प्रत्यक्षात ९६० भोजनदिन झाले. हा आकडा आम्ही आपल्याच हजेरीपत्रकावरून काढला आहे. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी ती हजेरी घेतली जाते, तेव्हा तिच्याविषयी वाद असण्याचे कारण नाही. वाद एवढाच, की भोजनखर्चाच्या तक्त्यात त्या हजेरीला कोठेच स्थान मिळालेले नाही. अठरा दिवस जेवणाऱ्याला २,१८० रुपये आणि तीस दिवस जेवणाऱ्यालाही २,१८० रुपयेच!

आम्ही अंकगणितात भागीदारीची उदाहरणे सोडवितो. दोन गवळ्यांनी मिळून एक कुरण ८,००० रुपये भाड्याने घेतले. एकाने १० गाई ३ महिने चारल्या, दुसऱ्याने ५ गाई २ महिने चारल्या. तर प्रत्येकाने किती भाडे द्यावे? येथे गवळी दोन आहेत म्हणून भाडे निम्मे-निम्मे केले, तर गुरुजी उत्तरावर फुली मारतात. गाई आणि महिने यांचा गुणाकार करावयाचा, ३० व १० हे गुणाकार मिळवावयाचे, आणि त्या प्रमाणात ६,००० व २,००० असे भाडे वाटावयाचे, ही रीत आम्हांस वर्गात शिकविली जाते. जी रीत कुरणाला लागू, ती भोजनगृहाला का लागू नसावी, हा प्रश्न आम्हांस पडतो.

परंतु येथेच थांबलो, तर आम्ही दुसऱ्या बाजूने अन्याय करू. आपण एकदा बोलताना म्हणाला होता, ‘मुलगा गावी गेला म्हणून आचाऱ्याचा पगार कमी होत नाही.’ हे म्हणणे सर्वथा योग्य आहे. आचारी व त्यांचा मदतनीस यांचे वेतन, भांड्यांची कल्हई व दुरुस्ती, भोजनगृहातील दिवाबत्ती, हा खर्च ताटे चाळीस असोत वा बारा असोत, व्हावयाचाच. सप्टेंबरमध्ये तो २०,००० रुपये झाला. उरलेले ६७,२०० रुपये धान्य, डाळी, तेल, भाजी, दूध आणि गॅस यांचे आहेत आणि ते ताटांच्या संख्येप्रमाणे कमीअधिक होणारे आहेत. सारे ८७,२०० रुपये सरसकट ९६० भोजनदिनांवर वाटले, तर दर दिवसाला सुमारे ९१ रुपये पडतात आणि तीस दिवस राहणाऱ्याच्या माथी २,७२५ रुपये येतात. इतर गावी गेले म्हणून आचाऱ्याच्या वेतनातील त्यांचा वाटा मागे राहणाऱ्याने उचलावा, हेही न्यायाचे नाही. ज्याचे घर दूर आहे किंवा ज्याच्यापाशी प्रवासखर्चाला पैसे नाहीत, तोच बहुधा मागे राहतो, हे आपण जाणताच.

यास्तव आमचे म्हणणे असे, की खर्चाचे दोन भाग करावेत आणि दोहोंना दोन वेगळे भाजक लावावेत. स्थिर खर्च पटावरील चाळीस जणांवर सारखा वाटावा. कारण वसतिगृहात आपली जागा राखून ठेवणारा प्रत्येक विद्यार्थी त्या व्यवस्थेचा धनी आहे, मग तो त्या दिवशी जेवो वा न जेवो. शिध्याचा खर्च मात्र भोजनदिनांवर वाटावा. सप्टेंबरपुरते पाहिल्यास स्थिर खर्चाचे दरडोई ५०० रुपये होतात, आणि शिध्याचे दर भोजनदिनास ७० रुपये होतात. १८ दिवस जेवलेल्यास ५०० अधिक १,२६० म्हणजे १,७६० रुपये पडतील. २४ दिवस जेवलेल्यास २,१८० आणि ३० दिवस जेवलेल्यास २,६०० पडतील. पहिल्या गटाचे २१,१२०, दुसऱ्याचे ३४,८८० आणि तिसऱ्याचे ३१,२०० रुपये मिळविले असता बेरीज बरोबर ८७,२०० होते. वसतिगृहाला एक रुपयाही कमी पडत नाही.

यातील मधल्या गटाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. २४ दिवस जेवलेल्या मुलास जुन्या रीतीनेही २,१८० रुपये पडतात आणि नव्या रीतीनेही तितकेच पडतात. याचे कारण ९६० भोजनदिनांना ४० ने भागले तर २४ च येतात; तो मुलगा सरासरीइतकाच हजर होता. सरासरी खरी ठरते ती अशा मुलापुरतीच. त्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या प्रत्येकाला ती एक तर अधिक आकारते किंवा कमी. सप्टेंबरच्या तक्त्याने पहिल्या गटातील प्रत्येक मुलाकडून ४२० रुपये अधिक घेतले आणि आम्हा तिसऱ्या गटातील प्रत्येकाला ४२० रुपये कमी लावले. हे पत्र लिहिणारे आम्ही स्वतः तिसऱ्या गटातील आहोत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या हिशेबाविरुद्ध आम्ही लिहीत आहोत, त्यात आमचाच लाभ झाला आहे. आमच्या ताटातील भाकरीचे पैसे खानापूरच्या रानातील एखाद्या शेतकऱ्याने भरले, ही जाणीव सुखाची नाही.

सणाच्या रजेत निदान मुलगा आनंदाने घरी जातो. आजारपणात तोही आनंद नसतो. जुलै महिन्यात आमच्यातील एक विद्यार्थी विषमज्वराने आजारी पडला आणि २२ दिवस घरी होता. त्या महिन्यात तो येथे ९ दिवस जेवला. जुलैची दरडोई सरासरी २,३८५ रुपये होती आणि ती त्याच्याकडून पूर्ण घेण्यात आली; म्हणजे त्याला एका दिवसाचे जेवण २६५ रुपयांना पडले. त्याच महिन्यात रोज जेवणाऱ्यास ते ७७ रुपयांना पडले. जुलैच्या शिध्याचा दर सुमारे ६२ रुपये होता. त्या दराने ९ दिवसांचे ५५८ आणि स्थिर खर्चाचे ५०० मिळून त्याच्याकडे १,०५८ रुपये निघाले असते. त्याचे वडील उद्यमबागेतील एका फौंड्रीत रोजंदारीवर काम करतात. डॉक्टरांचे व औषधांचे पैसे देऊन झाल्यावर न खाल्लेल्या अन्नाचे १,३२७ रुपये त्यांनी भरले. नियम सर्वांना सारखा होता, हे खरे. पण सारखेपणाचा भार कोणावर पडला, हेही पाहावयास नको काय?

आता त्या ‘बचती’च्या शेऱ्याकडे वळू. केवळ आकारणी न्यायाची व्हावी एवढाच आमचा हेतू असता, तर पत्र येथेच संपविता आले असते. परंतु गैरहजेरी न धरल्यामुळे दुसरी एक हानी होते. ती कोणा एकाची नसून साऱ्या भोजनगृहाची आहे. ऑगस्टमध्ये दिवस ३१ आणि गैरहजेरी अवघी ४०. भोजनदिन १,२०० झाले. त्या महिन्याचा एकूण खर्च ९६,८०० रुपये; त्यातून स्थिर खर्चाचे २०,००० वजा केले, तर शिध्याचे ७६,८०० उरतात आणि दर भोजनदिनास ६४ रुपये पडतात. सप्टेंबरमध्ये हाच दर ७० रुपये झाला. म्हणजे दरडोई सरासरी २४० रुपयांनी उतरली असली, तरी प्रत्येक ताट ६ रुपयांनी महागले आहे. फलक ज्याला बचत म्हणतो, ती बचत नाही. माणसे घरी जेवली म्हणून आकडा लहान झाला, एवढेच. ऑगस्टच्या दराने ९६० भोजनदिनांचा शिधा ६१,४४० रुपयांत झाला असता. तो ६७,२०० झाला. हे वरचे ५,७६० रुपये कोठे गेले, हा प्रश्न सरासरीच्या आड दडून राहिला.

यावर कोणी म्हणेल, की महागाई वाढली. ते काही अंशी खरेच आहे. केंद्र शासनाने १४ सप्टेंबर २०२४ पासून आयात खाद्यतेलावरील शुल्क वाढविले आणि तेल महागले. परंतु महागाई आणि नासाडी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. भाव वाढला, तर रुपये वाढतात, किलो वाढत नाहीत. म्हणून आम्ही कोठीची वही उघडून तांदळाचे वजन पाहिले. महिन्याच्या आरंभी कोठीत असलेला तांदूळ, त्यात महिन्यातील खरेदी मिळवावयाची आणि अखेरची शिल्लक वजा करावयाची. अशा रीतीने खरा वापर निघतो. नुसती खरेदी पाहिली, तर महिन्याच्या शेवटी पुढील महिन्यासाठी आणलेले पोतेही मागील महिन्याच्या माथी बसते. या रीतीने ऑगस्टमध्ये ३६० किलो तांदूळ लागला, म्हणजे दर भोजनदिनास ३०० ग्रॅम. त्या मापाने सप्टेंबरमध्ये २८८ किलो लागावयास हवा होता. लागला ३२४ किलो. हे ३६ किलो कोणत्याही शुल्कवाढीने वाढलेले नाहीत.

याचा दोष आचारीकाकांना देण्यास आम्ही तयार नाही. ७ ते १२ या दिवसांत पंगतीला ताटे बाराच होती. पण आदल्या रात्री कोठीतून शिधा काढताना उद्या किती ताटे आहेत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मटकी, चवळी यांसारखी कडधान्ये रात्रीच भिजत घालावी लागतात आणि एकदा भिजलेली मटकी पुन्हा पोत्यात भरता येत नाही. कमी पडून मुले उपाशी राहण्यापेक्षा चार मूठ अधिक बरे, असा विचार कोणताही सहृदय आचारी करील. दूधवाल्यालाही निरोप गेला नाही आणि दुधाचे माप एकही दिवस कमी झाले नाही. हजेरी एका वहीत राहिली, स्वयंपाक दुसरीकडे झाला. दोहोंची गाठ पडली नाही. भोजनदिनांचा हिशेब ठेवावयाचा ठरला, तर ही गाठ दररोज पडेल, हा त्याचा सर्वांत मोठा लाभ आम्हांस वाटतो.

आपल्या मनात येणाऱ्या दोन शंकांचा विचार आम्ही केला आहे. पहिली अशी, की सूट मिळते म्हणून मुले वारंवार गावी जाऊ लागतील आणि अभ्यास बुडेल. ही शंका रास्त आहे. म्हणून सूट केवळ आपण मंजूर केलेल्या रजेस आणि आजारपणास मिळावी. विनापरवाना गेलेल्यास ती मिळू नये. दुसरी शंका अशी, की कोणी एके दुपारी मामाकडे जेवला, कोणी रविवारी सायंकाळी उशिरा आला, याची नोंद ठेवता ठेवता व्यवस्थापन मेटाकुटीस येईल. म्हणून सलग तीन पूर्ण दिवसांहून कमी गैरहजेरी धरूच नये. जाण्याचा व येण्याचा दिवस हजेरीचाच मानावा. रजेची सूचना आदल्या दिवशी सायंकाळी शिधा निघण्यापूर्वी दिलेली असावी. जो न सांगता गेला, त्याच्या वाट्याचे अन्न शिजलेच, तेव्हा त्याचे पैसे त्याने द्यावेत. आजाऱ्यापुरती मात्र ही अट शिथिल व्हावी, कारण ताप आदल्या दिवशी सूचना देऊन येत नाही. वर दिलेले सारे आकडे आम्ही याच नियमांनी काढले आहेत.

ही रीत अगदी निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. गॅसचेच उदाहरण घ्या. बारा ताटांच्या भाकऱ्यांना चाळीस ताटांच्या मानाने गॅस फारच कमी लागतो; पण आमटीच्या भांड्याला तितक्या प्रमाणात कमी लागत नाही. तेव्हा गॅस पूर्णपणे शिध्यात धरणे काटेकोर नव्हे. परंतु त्याचे आणखी दोन तुकडे करीत बसलो, तर हिशेब सूक्ष्म होईल आणि कोणालाच समजणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे देणे स्वतः ताडून पाहता यावे, इतकाच बारकावा पुरेसा आहे.

यावरून आमच्या तीन विनंत्या आहेत. ऑक्टोबरपासून भोजनखर्च स्थिर खर्च आणि शिधा अशा दोन भागांत मांडावा आणि फलकावर दरडोई सरासरीच्या शेजारी भोजनदिनांची संख्या व दर भोजनदिनाचा खर्च लिहावा. रोज सायंकाळच्या हजेरीनंतर उद्याच्या ताटांचा आकडा भोजनगृहाच्या दाराशी खडूने लिहिला जावा; हे काम आणि महिनाअखेरची आकडेमोड आम्ही विद्यार्थी पाळीपाळीने करू. वही तपासण्याचा अधिकार अर्थात आपलाच राहील. तिसरी विनंती सप्टेंबरची फरकाची रक्कम पुढील महिन्याच्या आकारणीत वळती करून घेण्याविषयी आहे. आम्ही बाराही जण एकत्र बसलो, आकडे फळ्यावर मांडले आणि प्रत्येकी ४२० रुपये अधिक देण्यास सर्वांनी संमती दिली. आमच्यापैकी तिघांना ही रक्कम एकदम देणे जड जाईल. त्यांना ती दोन हप्त्यांत देण्याची मुभा असावी. जुलैत आजारी असलेल्या विद्यार्थ्याच्या १,३२७ रुपयांविषयी मात्र आम्ही नियमाचा आग्रह धरीत नाही. ती रक्कम चाळीस जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ३३ रुपये येतात. ती कशी परत करावी, हे आपण ठरवावे.

आपण हे वसतिगृह किती काटकसरीने चालविता आणि बाजारातील भाजी स्वतः निवडून आणता, हे आम्ही रोज पाहतो. त्या काटकसरीचे खरे मोजमाप फलकावर यावे, असे आम्हांस वाटते. सप्टेंबरचे हजेरीपत्रक, कोठीच्या वहीतील उतारे आणि आमची आकडेमोड या पत्रासोबत जोडली आहे. तीत कोठे चूक आढळल्यास आपण ती दाखवून द्यावी. आम्ही आकडे पुन्हा मांडू.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपले आज्ञाधारक,
विद्यार्थी प्रतिनिधी, वसतिगृह
(इयत्ता दहावीच्या बारा विद्यार्थ्यांच्या संमतीने)